दोन फूट उंची, दहा फूट जागा आणि रॅम्पचा उतार

प्रश्न: आमचे पार्किंग रस्त्यापेक्षा दोन फूट उंच आहे आणि गेटपासून पोर्चपर्यंत दहाच फूट जागा आहे. गवंडी म्हणतो, पाचाला एक उतार चालेल. चालेल का? वर चेकर्ड टाइल लावावी की पेव्हर ब्लॉक?

नाही, चालणार नाही. गाडी चढेल, पण चढणे ही रॅम्पची कसोटीच नव्हे. हेच वाक्य मी आमच्या थोरल्या बंधूंना त्यांचे कोल्हापूरचे घर बांधताना ऐकवत होतो आणि ते दर वेळी एकच उत्तर देत होते, "अरे, पहिल्या गिअरमध्ये कोणतीही गाडी चढते." त्यांच्या घराची मापे जवळजवळ तुमच्यासारखीच होती, म्हणून तोच हिशेब येथे मांडतो.

साधारण लहान मोटारीच्या पुढच्या व मागच्या चाकांत सुमारे २४५ सेंटिमीटर अंतर असते. रॅम्प संपून सपाट जमीन जेथे सुरू होते, ती कड चाकांच्या बरोबर मध्यभागी आली की गाडीचे पोट कडेच्या सर्वांत जवळ येते. ती कड चाकांच्या रेषेपेक्षा किती वर येते, हे काढणे सोपे आहे: चाकांमधल्या अंतराचा चौथा हिस्सा घ्यावा आणि त्याला उतारातल्या फरकाने गुणावे. २४५ चा चौथा हिस्सा ६१, आणि पाचाला एक उतार म्हणजे त्याचा पाचवा भाग, अर्थात १२ सेंटिमीटर. रिकाम्या गाडीचे पोट जमिनीपासून १६-१७ सेंटिमीटर वर असते, परंतु पाच माणसे आणि डिकीत सामान आले की ते चार-पाच सेंटिमीटर खाली बसते. म्हणजे एकटा चालक गाडी सुरळीत आत घेतो आणि घरात पाहुणे आले की सायलेन्सर घासतो. बंधूंनी गाडी चढवून दाखवली ती एकट्याने, आणि वाद जिंकल्याच्या थाटात. गणपतीत सगळे कुटुंब गाडीत बसून आले तेव्हा जो आवाज झाला, तो शेजाऱ्यांनीही ऐकला.

खालच्या टोकाची गोष्ट वेगळी आहे. तेथे पुढचे चाक उताराच्या सुरुवातीला पोहोचते तेव्हा बंपर त्याच्या पुढे सुमारे ७५ सेंटिमीटर असतो. तेवढ्यात पाचाला एक उतार १५ सेंटिमीटर वर आलेला असतो. बंपरची खालची कड २० सेंटिमीटरवर धरली तर मधे पाच सेंटिमीटर उरतात, आणि रस्त्याची कड गटाराकडे उतरती असते, त्यामुळे त्यातलेही एक-दोन जातात. ब्रेक लावला की गाडीचे नाक खाली झुकते, ते वेगळेच.

आता उपाय. उतार एकसारखा ठेवू नये. मधला भाग आठाला एक आणि दोन्ही टोकांना तीन-तीन फूट बाराला एक ठेवावा. आणि मुख्य म्हणजे पार्किंगची पातळी घराच्या जोत्याला नेऊन भिडवण्याचा हट्ट सोडावा. याच मुद्द्यावर आमचे खरे भांडण झाले. बंधूंचे म्हणणे असे, की पार्किंग खाली ठेवले तर पाणी घरात येईल. परंतु पाणी अडवायचे ते जोत्याने. पार्किंगला रस्त्यापेक्षा वर असणे पुरते. आम्ही अखेर फोडतोड करून पार्किंग नऊ इंच खाली घेतले आणि घराच्या दारापाशी दीड फूट रुंदीच्या दोन पायऱ्या वाढवल्या. उरलेली उंची १५ इंच. खालच्या तीन फुटांत तीन इंच, मधल्या सहा फुटांत नऊ इंच, वरच्या तीन फुटांत तीन इंच, असे बारा फूट झाले; म्हणजे रॅम्प पोर्चमध्ये दोनच फूट आत गेला. आता वरच्या टोकाला तीच कड साडेसात सेंटिमीटरच्या आत राहते आणि भरलेली गाडीही सहज सुटते.

तुम्हाला खात्री करायची असेल तर आलेख कागदावर १:१० प्रमाणात रॅम्पचा छेद काढा, पुठ्ठ्याची गाडी कापा आणि ती रेषेवरून सरकवा. गवंड्याला आकडे पटत नाहीत, पुठ्ठा पटतो. गेट आत उघडणारे असेल तर त्याची फळी चढाला अडेल, हेही त्याच कागदावर दिसते. आम्ही सरकते गेट बसवले.

पृष्ठभागाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: चढावर टाइल लावूच नका. चाक वळते तेथे ती पोकळ होते, आणि तिचे चौकोन पहिल्या दोन पावसाळ्यांत शेवाळाने भरतात. पेव्हर ब्लॉक खालच्या टोकाला काँक्रीटची भक्कम पट्टी नसेल तर हळूहळू उताराकडे सरकतात. सरळ पाच-सहा इंच जाडीचे जाळीयुक्त काँक्रीट घाला. काळी माती असेल तर ती उकरून मुरूम थरांत ठोकून घ्या आणि पोर्चच्या खांबाशी सांधा मोकळा सोडा. वरचे पाणी विरले, पण काँक्रीट अजून पुरते घट्ट झालेले नाही, अशा वेळी त्यावर सळईने साधारण चार इंचांवर एक सेंटिमीटर खोल खाचा पाडा. त्या आडव्या सरळ नकोत. मधून दोन्ही बाजूंना खाली उतरणाऱ्या हव्यात, म्हणजे पाणी खाचेत न थांबता कडेला जाते. गवंडी शेवटी कोरडे सिमेंट भुरभुरून थापी गुळगुळीत फिरवू पाहील. तो थर पावसात घसरतो आणि पुढे पापुद्र्याने सुटतो, म्हणून तेथे स्वतः उभे राहा. उतारावर पाणी साचवून क्युरिंग होत नाही, त्यामुळे ओले गोणपाट अंथरून ते निदान दहा दिवस ओले ठेवावे लागते.

पाण्याचा बंदोबस्त गेटच्या आतच करावा. सहा इंच रुंद आडवी चर, तिला शंभराला एक उतार आणि वर लोखंडी जाळी, जिच्या फटी दोन सेंटिमीटरपेक्षा कमी असतील. जाळीची चौकट काँक्रीटमध्ये गाडलेल्या अँगलवर बसली नाही तर प्रत्येक गाडीगणिक खडखडाट होतो आणि कडा फुटतात. जाळी उचलता आली पाहिजे, कारण गाळ काढावा लागतो. परंतु रॅम्पवर पडणारे पाणी फारसे नसतेच. खरा लोंढा गच्चीच्या पाइपचा असतो. तासाला १० सेंटिमीटर पाऊस झाला तर १,००० चौरस फूट गच्चीवरून तासाभरात सुमारे ९,००० लिटर पाणी उतरते. बंधूंनी तो पाइप रॅम्पच्या माथ्यावर सोडला होता. तो आधी वळवून थेट गटारात न्या, मग चरेचे माप ठरवा.

रॅम्पचा पाय कुंपणाबाहेर, नगरपालिकेच्या गटारावर आणू नये. तो तोडला जातो तेव्हा तक्रार करायला जागा उरत नाही.

एक-दोन गोष्टी बंधूंच्या बाजूनेही सांगायला हव्यात. दर डांबरीकरणाला रस्ता वर येतो, ही त्यांची भीती खरी आहे, म्हणून पार्किंग १५ इंचांच्या खाली नेण्याआधी तुमच्या गल्लीत जुन्या घरांची जोती रस्त्यात किती बुडाली आहेत ते पाहा. आणि माझे आकडे लहान मोटारीचे आहेत. लांब सेडान असेल तर चाकांतले अंतर स्वतः मोजून हिशेब पुन्हा करावा. घरात चाकांची खुर्ची वापरणारे कोणी असेल तर आठाला एक त्यांच्यासाठी तीव्रच आहे. त्यांना बाराला एक उताराची वेगळी वाट, कठड्यासह, द्यावी लागेल.