पत्रिकेवर ‘कै.’ कुठे आणि निमंत्रक कोण?

“ताई, लग्न फोंड्याला देवळाच्या सभागृहात आहे आणि दोन्ही घरांची मिळून एकच पत्रिका छापायची ठरलीय. माझे बाबा आता नाहीत. काका म्हणतात, निमंत्रक म्हणून त्यांचं आणि काकूचं नाव हवं. सासरकडचे म्हणतात, वराकडची नावं आधी घाला आणि शुभकार्याच्या पत्रिकेवर ‘कै.’ नको. आई तर काहीच बोलत नाही. मी कुणाचं ऐकू?”

पुढच्या भेटीला मी तिला आईला सोबत घेऊन यायला सांगितलं. प्रेसमधून आलेलं प्रूफही मागवलं. ते थोरल्या बहिणीच्या जुन्या पत्रिकेवरून जुळवलेलं होतं, आणि आईच्या नावाआधी ‘सौ.’ तसंच राहून गेलं होतं. आई एवढे दिवस गप्प का, ते तिथे कळलं. ‘सौ.’ काढा असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं कसं, हेच तिला उमगत नव्हतं. तिथे ‘श्रीमती’ लिहिल्यावर ती मोकळेपणाने बोलू लागली.

पत्रिकेतली नावं दोन वेगळी कामं करतात, हे मी त्यांना प्रूफवर बोट ठेवून दाखवलं. ‘यांची कन्या’, ‘यांचे चिरंजीव’ ही ओळख झाली. त्यात दिवंगत वडिलांचं नाव हवंच, ‘कै.’ लावून, ते गेले तरी मुलगी त्यांचीच आहे. खालचे ‘निमंत्रक’ मात्र पाहुण्यांना बोलावणारे आणि दारात उभं राहून स्वागत करणारे. तिथे हयात माणसांचीच नावं येतात. कै. नाव चुकून तिथे छापलं गेलं की वाचणारा अडखळतो, बहुधा ‘कै. नको’ हा आग्रह अशाच एखाद्या पत्रिकेवरून धरला जातो. अशुभाची शंका असेल तर घरच्या भटजींना नांदीश्राद्धाबद्दल विचारा. लग्नाच्या विधींना हात लावण्याआधी आपण पितरांचं स्मरण करून त्यांचे आशीर्वाद घेतोच. मग पत्रिकेवर त्यांचं नाव अशुभ कसं ठरेल? हे मुलीच्या होणाऱ्या सासूबाईंना सांगितलं आणि त्यांना पटलं.

काकांचं म्हणणं थोडं वेगळं होतं. कन्यादानाला काका-काकू जोडीने बसणार होते, म्हणून निमंत्रण त्यांच्याच नावाने जावं, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. कन्यादानाला कोण बसणार हा विधीचा प्रश्न आहे, त्यावरून निमंत्रक ठरत नाही. सभागृह आईने ठरवलं होतं, खर्च तिचा होता, पाहुण्यांची यादीही तिचीच. मी आईला विचारलं, “बोलावणं कुणाचं आहे?” ती म्हणाली, “माझं.” मग निमंत्रक म्हणून तिचं एकटीचं नाव आलं आणि त्याखाली ‘विनीत’मध्ये पहिलं नाव काका-काकूंचं. काका थोडे नाराज झाले. आईने स्वतः त्यांच्या घरी जाऊन त्यांना कन्यादानाला बसण्याची विनंती केली, ते बरं झालं. असा निरोप मुलीच्या हाती पाठवू नये.

आधी कुणाची नावं, हा वाद वाक्य कोण बोलतंय ते पाहिलं की बराचसा मिटतो. ‘आमची कन्या’ अशी सुरुवात असेल तर वधूचं नाव आधी येणारच, ‘आमचे चिरंजीव’ म्हटलं तर वराचं. एकत्र पत्रिकेत ‘आमची’ कुणाची, तेच कळेनासं होतं. इथे लग्न वधूकडचे करत होते आणि दुसऱ्या दिवशीचा स्वागत समारंभ मडगावला वराकडचे. म्हणून पत्रिकेची दोन पानं केली. डावीकडे विवाह: ‘श्रीमती अमुक व कै. तमुक यांची कनिष्ठ कन्या चि. सौ. कां.…’, मग वर आणि त्याचे आईवडील, खाली निमंत्रक वधूची आई. उजवीकडे स्वागत समारंभ: वराचं नाव आधी, निमंत्रक त्याचे आईवडील. वर श्रीगणेशाखाली श्री मंगेश आणि श्री महालसा एकाच ओळीत, सारख्या अक्षरांत.

शेवटी पदवी. वराचे वडील डॉक्टर, म्हणून त्यांच्या नावाआधी ‘डॉ.’ होतं. वधू स्वतः दातांची डॉक्टर, तिच्या नावाआधी ते नव्हतं. लावायचं तर दोघांनाही लावा, नाहीतर कुणालाच नको. त्यांनी दोघांनाही लावलं. ‘डॉ.’ आलं की ‘श्री.’ गळतं, ‘चि. सौ. कां.’ मात्र राहतं. सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या लग्ननोंदणीत यातलं काही येत नाही. तिथे जन्मदाखल्यावरचं नाव चालतं, त्यामुळे पत्रिकेवरच्या क्रमाने कुणाचा हक्क वाढत वा घटत नाही.

तुमच्या घरी काकांनीच मुलीला वाढवलं असेल आणि लग्नही तेच करत असतील, तर निमंत्रक म्हणून काका-काकूंचं नाव अगदी योग्य आहे. तेव्हाही ‘यांची कन्या’ या ओळीत आईवडीलच राहतील, आणि काका-काकूंसाठी ‘यांची पुतणी’ अशी वेगळी ओळ घालावी.