‘शिडी लागते’ आणि ‘जाळे पडते’: गो खेळातील तीन शब्दांविषयी

प्रश्न: गो खेळातल्या लॅडर आणि नेट या डावपेचांना मराठीत शिडी आणि जाळे म्हणणे बरोबर ठरेल का? लॅडर ब्रेकरला काय म्हणावे? आणि तो दूर कोपऱ्यात असूनही शिडीचा निकाल बदलतो, मग जाळ्याचा का बदलत नाही?

‘शिडी’ आणि ‘जाळे’ हे दोन्ही शब्द मी निःशंकपणे वापरतो, कारण दोन्हींतील चित्र पटावर जे घडते त्याच्याशी जुळते. मूळ शब्दांत मात्र ही चित्रे नाहीत. जपानी भाषेत जाळ्याला ‘गेता’ म्हणजे लाकडी खडावा म्हणतात, तर चिनी भाषेत शिडीसाठी जे अक्षर वापरतात त्याचा अर्थ मोहीम किंवा स्वारी असा आहे. आपल्याकडे ‘चढाई’ या शब्दात शिडी आणि स्वारी हे दोन्ही अर्थ आपोआप एकत्र येतात, हा योग मला फार आवडतो. पुढील विवेचनात मी ‘सोंगटी’ऐवजी ‘खडा’ हा शब्द वापरणार आहे, कारण सोंगटी चालते आणि गोमधला खडा एकदा ठेवला की मारला जाईपर्यंत जागचा हलत नाही. खड्याला लागून असलेल्या मोकळ्या छेदबिंदूला ‘श्वास’ म्हणू. चिनी संज्ञेचा अर्थही तोच आहे. एकच श्वास उरला, म्हणजे पुढच्याच चालीत मारले जाण्याची वेळ आली, की त्या स्थितीला जपानी ‘अतारी’ हाच शब्द राहू द्यावा.

शब्दांची योग्यता पटावरच तपासावी लागते, म्हणून एक स्थिती घेऊ. कंसातला पहिला अंक डावीकडून आणि दुसरा खालून मोजायचा आहे. पट नेहमीचा १९ रेघांचा आहे. पांढऱ्याचा एकच खडा (४,४) वर आहे आणि काळ्याचे खडे (३,४), (४,३) व (५,३) वर आहेत. काळा (४,५) वर खडा ठेवून अतारी देतो. पांढरा (५,४) वर निसटतो आणि त्याला (५,५) व (६,४) असे दोन श्वास मिळतात. आता काळ्याने अतारी कोणत्या बाजूने द्यायची, यावर सगळे ठरते. त्याने (५,५) वर दिली, तर पांढरा (६,४) वर जाऊन तीन श्वास मिळवतो आणि सुटतो. त्याने (६,४) वर दिली, तर पांढऱ्याला (५,५) वर जावे लागते आणि पुन्हा दोनच श्वास उरतात. मग काळा (५,६), पांढरा (६,५), काळा (७,५), पांढरा (६,६), असा हा जिना पायरीपायरीने उजवीकडे वर चढत जातो. वाट मोकळी असेल तर तो थेट समोरच्या कोपऱ्याच्या कडेला भिडतो, आणि पांढऱ्याने अखेरपर्यंत धावण्याचा हट्ट केला तर त्याचे ३० खडे एकदम मरतात.

आता त्याच स्थितीत काळ्याचा आणखी एक खडा (३,५) वर आहे असे समजा. तेव्हा काळ्याला अतारी देण्याचीही गरज नसते. तो पांढऱ्याला न भिडता तिरपा (५,५) वर खडा ठेवतो. पांढरा (५,४) वर निघाला की काळा (६,४) वर अडवतो, पांढरा (४,५) वर वळला की त्याला (४,६) हा एकच श्वास उरतो आणि काळा तिथेच त्याला मारतो. पांढऱ्याने आधी दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला तरी हेच घडते. हे जाळे. (३,५) वरचा खडा काढून घेतला, तर (५,५) च्या चालीनंतर पांढरा (४,५) वर जाऊन तीन श्वास मिळवतो आणि जाळे फाटते. मग काळ्याकडे शिडीच उरते.

दूरच्या खड्याचा प्रश्न इथेच सुटतो. जाळ्याचा सगळा हिशेब चार-पाच घरांत संपतो, त्यामुळे समोरच्या कोपऱ्यात काय आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. शिडी मात्र स्वतःच पटभर चालत जाते आणि वाटेत जे येईल त्याला भिडते. म्हणूनच दोन्ही उपलब्ध असताना मी जाळेच निवडावे असे म्हणेन.

वाटेत पांढऱ्याचा कोणता खडा शिडी मोडतो, हे नेमके सांगता येते. आपल्या उदाहरणात पांढरे आणि काळे खडे मिळून चार तिरप्या ओळी व्यापतात. त्यांपैकी कोणत्याही ओळीवर पुढे पांढरा खडा असेल तर शिडी मोडते, हे सहज दिसते. पण त्यांच्या बाहेरची प्रत्येक बाजूची एकेक ओळही धरावी लागते, म्हणजे एकूण सहा. उदाहरणार्थ, पांढरा खडा (१७,१४) वर आहे. शिडी तिथवर पोचते तेव्हा काळ्याने (१६,१४) वर अतारी दिलेली असते, आणि पुढे पांढरा (१६,१५) वर येताच तो काळा खडा तिन्ही बाजूंनी पांढऱ्यांनी वेढला जाऊन स्वतःच अतारीत सापडतो. काळ्याने पुढची अतारी दिली, तर पांढरा (१६,१३) वर ठेवून तो खडा उचलतो आणि मोकळा होतो. याचा आरसा असलेला (१४,१७) हा बिंदू मात्र शिडी मोडत नाही, कारण तो सातव्या ओळीवर पडतो आणि कोणत्याही काळ्या खड्याला स्पर्श करत नाही. दोन्ही बिंदू नजरेला सारखेच वाटतात, म्हणून अंदाजावर विसंबून चालत नाही. ओळ बोटाने नव्हे, तर मनाने शेवटपर्यंत न्यावी लागते.

या मनातल्या चालण्याला ‘शिडी वाचणे’ म्हणू नये असे मला वाटते. मराठीत ‘पांढरा वाचला’ म्हणजे जिवंत राहिला, आणि याच खेळात तो अर्थ क्षणोक्षणी लागतो. ‘शिडी पाहणे’ म्हणावे. यश-अपयशासाठी ‘शिडी लागते’ आणि ‘शिडी लागत नाही’ हे प्रयोग मला सर्वांत नैसर्गिक वाटतात. न लागणारी शिडी काळ्याने चालवली, तर पांढरा सुटतोच, शिवाय काळ्याचे विखुरलेले खडे जागोजागी दुहेरी अतारीत सापडतात. अपवाद दुर्मीळ आहेत. कोरियाच्या ली सेडोलने २००३ साली हाँग चांग-सिकविरुद्ध न लागणारी शिडी मुद्दाम चालवली, तिच्या धक्क्याने कोपऱ्यातले विरोधी खडे मारले आणि डाव जिंकला.

लॅडर ब्रेकरसाठी ‘हिरमोड’च्या धर्तीवर ‘शिडीमोड’ हा शब्द मी सुचवतो. तो आधीपासून पटावर असलेल्या खड्याला जसा लागू पडतो, तसाच नंतर मुद्दाम खेळलेल्या चालीलाही. काळ्याने (४,५) वर अतारी दिल्यावर पांढरा न पळता (१७,१४) वर शिडीमोड खेळतो, तेव्हा काळ्याने (५,४) वर ठेवून तो एक खडा लगेच उचलावा हे बहुधा योग्य असते. त्याबदल्यात पांढऱ्याला समोरच्या कोपऱ्यात लागोपाठ दुसरी चाल मिळते. त्यामुळे शिडी लावण्यापूर्वी काळ्याने ती आज लागते का एवढेच पाहून भागत नाही. तिथे पांढऱ्याच्या दोन चाली पडल्या तर एका खड्याची ती किंमत आपल्याला परवडेल का, हेही पाहावे लागते.