माणसाने ठरवलेला सौदा मालकाला बांधतो का? (द्राक्षबागेचा व्यवहार)

प्रश्न : "निफाड तालुक्यात अडीच एकर थॉमसन आहे. पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याचा माणूस गेली दोन वर्षं आमची बाग ठरवतो. यंदा त्याने ४८ रुपये किलोने पूर्ण बाग ठरवली, चिठ्ठी लिहून दिली, २५ हजार इसार दिला. चिठ्ठीचा फोटो मी त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर टाकला. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. दोन गाड्या, म्हणजे ८ टन माल गेला, ४८ नेच पैसे खात्यात आले. आता भाव ३४ वर आलाय आणि मालक म्हणतो, त्याला ४० च्या वर बोलायचा अधिकारच नव्हता. अंदाजे १६ टन माल वेलीवर आहे. काय करू?"

उत्तर :

भाऊ, आधी माल वाचवा, कायदा नंतर. आजच मालकाला लेखी कळवा (व्हॉट्सॲप आणि स्पीड पोस्ट, दोन्ही) की अमुक तारखेच्या चिठ्ठीप्रमाणे राहिलेला माल तयार आहे, दोन दिवसांत उचला, नाहीतर मिळेल त्या भावाने दुसरीकडे विकून फरक तुमच्याकडून वसूल करीन. दोन दिवसांनी खरंच विकून टाका. माल वेलीवर सडू दिलात तर कोर्ट पहिलं हेच विचारेल की नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत. विकताना दोन-तीन व्यापाऱ्यांचे भाव मेसेजवर मागवून ठेवा, काटा पावती आणि हिशेबाची पट्टी जपा.

आता मूळ मुद्दा. "अधिकार नव्हता" हे मालकाचं म्हणणं बहुधा खरंच असेल, पण त्याने प्रकरण संपत नाही.

मालकाने माणसाला तोंडी किंवा लेखी जे सांगितलं तो त्याचा प्रत्यक्ष अधिकार. कामाच्या ओघात जे ओघानेच येतं, म्हणजे बाग बघणं, इसार देणं, गाडी लावणं, काटा करणं, तेही त्यात धरलं जातं. करार अधिनियम, १८७२ ची कलमं १८६ ते १८८ याबद्दलच आहेत. पण मालकाने स्पष्ट मर्यादा घातली असेल, तर तिच्या वर हा अधिकार जात नाही. तेव्हा ४० ची मर्यादा सिद्ध झाली तर ४८ चा सौदा प्रत्यक्ष अधिकाराबाहेरचा. पण ही मर्यादा मालक आणि त्याचा माणूस यांच्यातली गोष्ट आहे. सूचना मोडून नुकसान केलं म्हणून तो आपल्या माणसाकडून भरपाई मागू शकतो. तुम्हाला मर्यादा माहीत नव्हती, तर तुमच्यापुरता प्रश्न वेगळा पडतो : मालकाच्या स्वतःच्या वागण्यातून तुम्हाला काय दिसलं?

याला दर्शनी अधिकार म्हणतात आणि आपल्याकडे तो कलम २३७ मध्ये येतो. मालकाने आपल्या शब्दांनी किंवा वागणुकीने समोरच्याची समजूत करून दिली असेल की हे कृत्य माणसाच्या अधिकारातलं आहे, तर मालक बांधला जातो. कलमाखाली दिलेलं उदाहरण तुमच्या प्रकरणाच्या अगदी जवळचं आहे. एकाने विक्रीसाठी माल दुसऱ्याकडे पाठवला आणि ठरावीक किमतीखाली विकू नको असं सांगितलं. त्या सूचनेची कल्पना नसलेल्या तिसऱ्याने कमी किमतीत सौदा केला. सौदा मालकावर बंधनकारक. तिथे विक्रीची खालची मर्यादा, तुमच्याकडे खरेदीची वरची, एवढाच फरक.

इथे बरेच लोक एका जागी घसरतात. "तो स्वतःच म्हणाला, मला पूर्ण अधिकार आहेत" याला किंमत नाही. माणूस स्वतःच्या बोलण्याने स्वतःचा अधिकार वाढवू शकत नाही. आभास मालकाकडून आलेला असावा लागतो. म्हणून तुम्ही गोळा करायचा पुरावा मालकाच्या बाजूचा आहे : मागच्या दोन हंगामांत याच माणसाने ठरवलेल्या दराने मालकाच्या खात्यातून आलेले पैसे, पेढीच्या नावाचं पावतीपुस्तक त्याच्या हातात होतं का, इसार कुठल्या खात्यातून आला, मालक पूर्वी फोनवर "त्याच्याशीच बोला" असं म्हणाला होता का. बँकेचा उतारा काढून त्या नोंदींवर खूण करून ठेवा.

मालकाचा वकील उलट बाजूने विचारेल की दर इतका जास्त होता, तुम्हाला शंका कशी आली नाही? सौद्याच्या दिवशी आसपासच्या बागा ४४ ते ४८ ला ठरत असतील, तर शंका यायचं कारण नव्हतं. बाकी सगळे ४० ला देत असताना तुम्हाला एकट्याला ४८ मिळाला असेल, तर हा प्रश्न जड जाईल. म्हणून त्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या बागा कोणत्या दराने गेल्या त्याच्या पावत्या आताच मागून घ्या, हंगाम संपला की कोणी शोधून देत नाही. आणि ४० ची मर्यादा तुम्हाला कोणाकडून आधीच कळली होती असं निघालं, तर दर्शनी अधिकाराचा मुद्दा तिथेच संपला.

आता तुमची सर्वांत भक्कम बाजू, जी तुम्ही प्रश्नात सहज सांगून गेलात : चिठ्ठीचा फोटो आणि त्यानंतर आलेले पैसे. अधिकाराशिवाय केलेलं कृत्य मालक मागाहून मान्य करू शकतो, आणि एकदा मान्य केलं की ते सुरुवातीपासून अधिकाराने केल्यासारखंच धरलं जातं. हे कलम १९६. मान्यता तोंडाने द्यावी लागते असं नाही, वागण्यातूनही देता येते, असं कलम १९७ सांगतं. त्याचंही उदाहरण आहे : एकाने अधिकार नसताना दुसऱ्यासाठी माल विकत घेतला, त्या दुसऱ्याने तो पुढे स्वतःच्या खात्यावर विकला. झाली मान्यता. तुमच्या मालकाने ८ टन माल उचलला, पुढे पाठवला आणि ४८ प्रमाणे ३ लाख ८४ हजार भरले.

पण इथे कलम १९८ आडवं येतं. ज्याला व्यवहाराची महत्त्वाची हकीकत नीट माहीत नव्हती, त्याची मान्यता वैध नाही. मालक म्हणेल, "मला वाटलं दोन गाड्यांचाच सौदा आहे, म्हणून तेवढे पैसे दिले. पूर्ण बाग ठरली हे माहीतच नव्हतं." म्हणून चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय ते आत्ता उघडून बघा. "संपूर्ण बाग, अंदाजे २४ टन, दर ४८" असं असेल, फोटोत ते वाचता येत असेल आणि पैसे फोटोनंतर आले असतील, तर हा बचाव फारसा टिकणार नाही. चिठ्ठीवर फक्त दर असेल, किती माल हे नसेल, तर लढाई तिथेच होईल. मग मागच्या वर्षीही पूर्ण बागच ठरली होती हे दाखवून ती पोकळी भरावी लागेल. एक लक्षात घ्या, फोटो पाहून गप्प बसणं एवढ्यावर मान्यता सहसा उभी राहत नाही. गप्प बसला आणि मग त्याच दराने पैसे भरले, ही जोडी बोलते. तारखांचा क्रम म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचा.

ज्ञान सिद्ध झालं की कलम १९९ तुमच्या मदतीला येतं. व्यवहाराच्या एका भागाला मान्यता दिली की ती पूर्ण व्यवहाराला दिलेली धरली जाते. भाव चढा होता तोवरचा ८ टन गोड, भाव पडल्यावरचा १६ टन कडू, अशी निवड मालकाला करता येत नाही. सौदा नाकारायचाच होता तर पहिली गाडी भरण्याआधी कळवायला हवं होतं.

चिठ्ठीत आणखी एक गोष्ट तपासा : ती कोणाच्या नावाने आहे? मान्यता फक्त अशाच कृत्याला देता येते, जे करताना माणूस दुसऱ्यासाठी करतोय असं समोर मांडत होता. केइली मॅक्स्टेड विरुद्ध ड्युरंट हा १९०१ चा ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल याच मुद्द्यावरचा आहे. तिथे मध्यस्थाने ठरलेल्या दरापेक्षा चढ्या दराने गहू घेतला, आणि घेतला स्वतःच्या नावाने. ज्यांच्यासाठी घ्यायचा होता त्यांनी नंतर होकार दिला, मग माल उचलला नाही. विकणाऱ्याचा दावा फेटाळला गेला, कारण स्वतःच्या नावाने केलेल्या सौद्याला दुसऱ्याची मान्यता लागू पडत नाही. तुमच्या चिठ्ठीवर पेढीचं नाव असेल किंवा "अमुक पेढीकरिता" सही असेल, तर हा धोका नाही. नुसती त्या माणसाची सही असेल, तर मागचे व्यवहार आणि इसाराचं खातं यावरून तो पेढीसाठीच बोलत होता हे दाखवावं लागेल.

आकडा असा. पूर्ण सौदा झाला असता तर २४ टनांचे ११ लाख ५२ हजार. मिळालेले ३ लाख ८४ हजार आणि इसाराचे २५ हजार. उरलेला १६ टन ३४ ने विकलात तर ५ लाख ४४ हजार. फरक राहतो १ लाख ९९ हजार, तोच मागायचा. इसार वेगळा जप्त करून शिवाय पूर्ण फरक असं मागू नका, एकच नुकसान दोनदा मोजल्याने बाकीच्या दाव्याचीही पत जाते. इसार दोन गाड्यांच्या पैशांतून आधीच वळता केला असेल तर आकडा बदलेल, ते उताऱ्यावरून पाहा. १६ टन हा अंदाज आहे, खरा आकडा काट्यावर ठरेल.

मालक आता फोन करून "दर थोडा कमी करा, मग उचलतो" म्हणेल. फोनवर उत्तर देऊ नका, मेसेजवर लिहा म्हणा. दर कमी करायची विनंती म्हणजे सौदा होता हे गृहीत धरणंच आहे. लगेच पुढचा बचाव "मालाला गोडी नव्हती" हा येईल, म्हणून विक्रीच्या दिवशी नव्या व्यापाऱ्यासमोर गोडी मोजून पट्टीवर नोंदवून घ्या. सगळे मेसेज मूळ फोनमध्येच ठेवा, फोन बदलू नका. कोर्टात ते द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, वकिलांना ते आधीच सांगा.

शेवटी दावा कोणावर? दोघांवर, पर्यायी. मुख्य मागणी मालकाकडून. कोर्टाने अधिकारही नव्हता आणि मान्यताही नाही असं धरलं, तर कलम २३५ खाली त्या माणसाकडून, कारण खोटा अधिकार सांगून सौदा केला आणि मालकाने मान्य केला नाही तर नुकसान त्याने भरायचं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १ नियम ३ मध्ये प्रतिवादी असे पर्यायी जोडायची सोय आहे. याचा आणखी एक उपयोग होतो. स्वतःवर बोजा येतोय म्हटल्यावर तो माणूस साक्षीत बहुधा सांगेलच की ४८ चा दर मालकाला त्याच संध्याकाळी कळवला होता.