आईचं मोबाइल बँकिंग: खातं वेगळं, पिन तिचाच

प्रश्न: आई ७१ वर्षांची आहे, पेन्शन बँकेत येते. मोबाइल बँकिंग सुरू करून द्यायचंय, पण फसवणुकीची भीती वाटते. काय करू?

पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडूच नका. आईच्या नावावर दुसरं साधं बचत खातं काढा, फोनवर तेवढंच ठेवा आणि दर महिन्याला त्यात पाच-सहा हजार टाका. पिन कुणी काढून घेतलाच, तरी नुकसान तेवढ्यापुरतंच. मुदत ठेवी मात्र त्या खात्यात नकोत, कारण चोर ॲपवरून ठेवसुद्धा मोडतात.

मग बँकेच्या ॲपमध्ये रोजची मर्यादा कमी करा, उदाहरणार्थ दोन हजार. परदेशी आणि ऑनलाइन कार्ड व्यवहार बंदच ठेवा.

मदतनीस तुम्ही व्हा, पण पिन आईलाच ठरवू द्या आणि तो तुम्हीही विचारू नका. 'मुलालासुद्धा सांगत नाही' ही सवय लागली की फोनवरच्या 'बँकवाल्या'लाही सांगणार नाही. खात्याच्या सूचना तुमच्या ईमेलवर येतील असं बघा.

आमच्या आईला एकच वाक्य पाठ करवलंय: पैसे घेताना पिन लागत नाही. कुणी आपली स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन.