आधी नाव, मग हात

दृष्टिहीन काकाजींकडे तुम्ही नव्याने जाऊ लागला आहात, तेव्हा ओसरीपाशी दोन-तीन हातांवर थांबून, आवाज न चढवता, "रामराम काकाजी, मी अमोल, टेलरचा धाकटा," असे सांगावे आणि त्यांचे उत्तर आल्यावरच हात पुढे करावा.

नवखे लोक हमखास "ओळखा पाहू, मी कोण?" असे विचारतात, ही गंमत नसून परीक्षा असते, ती टाळा. आठवडी बाजाराच्या गलक्यात नुसता "रामराम" कोणाला घातला हे त्यांना कळत नाही, म्हणून आधी त्यांना हाक मारा, मग स्वतःचे नाव सांगा. न बोलता खांदा किंवा काठी धरल्यास माणूस दचकतो. अंधुक दिसणाऱ्यालाही, दारातल्या उजेडाकडे पाठ करून तुम्ही उभे असल्यास, आकृती दिसते, चेहरा नाही.

निघतानाही "येतो काकाजी" म्हणा, नाहीतर ते रिकाम्या खाटेशी बोलत राहतील.