एससीएसएसच्या तिमाही व्याजातून कापलेला टीडीएस 26AS मध्ये कधी दिसतो?

प्रश्न: नाशिकरोडला माझे ३० लाखांचे एससीएसएस, म्हणजे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे खाते आहे. यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा तिन्ही वेळेस ६१,५०० ऐवजी ५५,३५० रुपयेच बचत खात्यात आले. आज आयकर खात्याकडचा करकपातीचा तक्ता, म्हणजे 26AS, उघडून पाहिले, तर एप्रिलचे ६,१५० तेवढे दिसतात. बाकी दोन वेळचे पैसे गेले कुठे? वय ६७, पेन्शन वर्षाला ४ लाख ८० हजार, दुसरे उत्पन्न नाही.

उत्तर: नमस्कार. जुलैची कपात आपल्याला नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आणि ऑक्टोबरची फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दिसायला हवी. तोपर्यंत पैसे बुडाले असे समजण्याचे कारण नाही. मी नोकरीत असताना लेखा विभागात होतो आणि निवृत्तीनंतर गंगापूर रोड परिसरातल्या ओळखीच्या ज्येष्ठांचे हे कागद पाहून देतो. त्यामुळे दर ऑक्टोबरात हाच घोर लागलेली दोन-तीन माणसे पासबुक घेऊन माझ्याकडे येतात.

घोटाळा होतो तो ‘तिमाही’ या शब्दामुळे. एससीएसएसचे व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी मिळते आणि ते आधीच्या तीन महिन्यांचे असते. म्हणजे १ जुलैला जमा झालेले व्याज एप्रिल ते जूनचे आहे. कर मात्र कापला गेला १ जुलैला, त्यामुळे आयकर खात्याच्या हिशेबात ती कपात जुलै-सप्टेंबर या तिमाहीत मोडते. एका दिवसाच्या फरकाने ती पुढच्या रकान्यात गेली.

आता कपात करणारी संस्था, म्हणजे आपले खाते असलेले पोस्ट किंवा बँक, काय करते ते पाहा. महिनाभरात सगळ्या खातेदारांकडून कापलेला कर ती सरकारकडे एकत्रित भरते. त्या भरण्यात आपले नाव नसते. कोणत्या पॅनवर किती कर कापला हे ती संस्था तिमाही विवरणपत्रात, म्हणजे 26Q मध्ये कळवते आणि ते विवरणपत्र दाखल होऊन त्यावर प्रक्रिया झाल्यावरच आपल्या 26AS मध्ये ओळ उमटते. एप्रिल-जून तिमाहीच्या विवरणपत्राची मुदत ३१ जुलै, जुलै-सप्टेंबरची ३१ ऑक्टोबर, ऑक्टोबर-डिसेंबरची ३१ जानेवारी आणि जानेवारी-मार्चची ३१ मे. आपली एप्रिलची कपात ऑगस्टमध्ये दिसू लागली असेल ती यामुळेच. जुलैच्या कपातीचे विवरणपत्र कदाचित अजून दाखलच झालेले नसेल, आणि ऑक्टोबरच्या कपातीची तर तिमाहीही संपलेली नाही. मुदतीनंतर पंधरा दिवसांत संस्थेने फॉर्म 16A हे कपातीचे प्रमाणपत्र द्यायचे असते. म्हणून मी १५ ऑगस्ट, १५ नोव्हेंबर, १५ फेब्रुवारी आणि १५ जून या चार तारखा कॅलेंडरवर गोल करून ठेवतो आणि त्याआधी 26AS उघडतच नाही.

आकडा बरोबर आहे की नाही, हे मात्र पासबुक भरून आणल्या दिवशीच कळते. ८.२ टक्के दराने ३० लाखांचे वर्षाचे व्याज २,४६,००० आणि तिमाहीचे ६१,५०० रुपये होते. दहा टक्के कपात असेल तर जमा झालेल्या रकमेला ९ ने भागले की कापलेला कर निघतो: ५५,३५० भागिले ९ म्हणजे ६,१५०. आपला हिशेब चोख आहे. कधी ४९,२०० रुपयेच जमा झाले, तर समजावे की पॅन नोंदलेला नाही किंवा निष्क्रिय झालेला आहे आणि वीस टक्क्यांनी कापले आहे. अशा वेळी नोव्हेंबरची वाट न पाहता लगेच जाऊन विचारावे. खाते तिमाहीच्या मध्ये उघडले असेल तर पहिले व्याज तेवढ्याच दिवसांचे असते. उदाहरणार्थ, १२ ऑगस्टला ३० लाख भरले, तर ३० सप्टेंबरपर्यंत ५० दिवसांचे साधारण ३३,७०० रुपये होतात. त्या कमी रकमेला लोक टीडीएस समजतात, पण तिथे कर कापलेला असेलच असे नाही.

आपण विचारलेले नाही, पण पुढचा प्रश्न तोच असेल म्हणून सांगतो. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांच्या व्याजावरील कपातीची मर्यादा वर्षाला ५० हजारांवरून १ लाख झाली आहे. एप्रिलचे ६१,५०० त्याच्या आत असूनही कर कापला गेला, कारण देणारी संस्था वर्षभरात किती व्याज देणे होईल ते आधीच पाहते, आणि आपले ते २ लाख ४६ हजार होते. याच हिशेबाने, त्या संस्थेत दुसरी ठेव नसेल तर १२ लाख १९ हजारांपर्यंतच्या एससीएसएसवर कपात होत नाही (वर्षाचे व्याज ९९,९५८ रुपये) आणि आणखी एक हजार घातले की होते. तेवढ्यासाठी कोणी गुंतवणूक कमी करू नये. टीडीएस हा वेगळा कर नाही, ती आगाऊ वसुली आहे.

26AS पाहताना होणारी सर्वांत मोठी चूक वर्षाची. incometax.gov.in वर प्रवेश करून e-File, मग Income Tax Returns, मग View Form 26AS असे गेल्यावर तिथे Assessment Year विचारतात. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी तिथे 2026-27 निवडायचे. आपल्याला एप्रिलची नोंद दिसली, म्हणजे आपण बरोबर वर्ष उघडले आहे. त्या ओळीत चार गोष्टी पाहाव्यात: कलम 194A आहे ना, तारीख पासबुकाशी जुळते ना, Amount Paid/Credited खाली ६१,५०० हा पूर्ण आकडा आहे ना, आणि Tax Deducted व TDS Deposited हे दोन्ही आकडे सारखे आहेत ना. तारखेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण काही ठिकाणी मार्चअखेरचे व्याज १ एप्रिलऐवजी ३१ मार्चलाच जमा दाखवतात. मग ती नोंद आधीच्या वर्षात जाते.

खरी अडचण कशी दिसते ते आमच्याच घरातल्या उदाहरणावरून सांगतो. २०२३-२४ मध्ये माझ्या पत्नीच्या नावे १५ लाख होते. तिमाहीला ३०,७५० रुपये व्याज, त्यातून ३,०७५ कापून २७,६७५ जमा होत. त्या वर्षाच्या आधीच्या नोंदी वेळेवर आल्या. जानेवारी २०२४ ची नोंद १५ जून उलटून गेला तरी आली नाही. खाते जिथे होते तिथे मी पासबुकाची प्रत आणि पॅनकार्डाची प्रत घेऊन गेलो. खिडकीवरच्या मुलीने “काका, सिस्टीममध्ये कपात दिसतेय, म्हणजे गेलीच असेल,” असे सांगून परत पाठवले. दुसऱ्या खेपेला मी लेखी अर्ज दिला, प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतला आणि एवढेच मागितले की विवरणपत्रात आमच्या रकमेसमोर कोणता पॅन लिहिला आहे तो वाचून दाखवा. पॅनमधल्या चार अंकांपैकी शेवटचे दोन उलटसुलट झाले होते. म्हणजे आमचे ३,०७५ सरकारजमा होते, पण आमच्या नावावर नव्हते. त्यांनी दुरुस्ती विवरणपत्र भरल्यावर काही आठवड्यांनी नोंद आली आणि मग आम्ही आमचे विवरणपत्र भरले. ही दुरुस्ती कापणाऱ्यालाच करता येते. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आपण कितीही डोके आपटले तरी उपयोग नसतो. म्हणून आपल्या जुलैच्या नोंदीची वाट १५ नोव्हेंबरपर्यंतच पाहावी, आणि नंतर तोंडी चौकशीत वेळ न घालवता थेट लेखी अर्ज द्यावा.

आता आपल्या उत्पन्नाबद्दल. पेन्शन ४,८०,००० आणि व्याज २,४६,००० मिळून ७,२६,००० होतात. पेन्शनवरची ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेल्यावर ६,५१,००० उरतात. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या वर्षी १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कलम 87A च्या सवलतीने कर शून्य होतो. म्हणजे आपण कर कापू नये असे कळवणारा १५-एच फॉर्म देण्यास पात्र आहात आणि कपात व्हायचेच कारण नव्हते. आता जाऊन तो दिला, तर जानेवारीचे ६१,५०० पूर्ण मिळतील. मात्र आतापर्यंत कापलेले १८,४५० रुपये ती संस्था परत देऊ शकत नाही. ते आपले आयकर विवरणपत्र भरूनच मिळतील. हा फॉर्म दरवर्षी नव्याने द्यावा लागतो. अडचण अशी की वर्षातले पहिले व्याज १ एप्रिलच्या सुमारासच जमा होते आणि फॉर्म स्वीकारून संगणकावर चढवेपर्यंत ते निसटते, म्हणून मी मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच चौकशी करून ठेवतो. संयुक्त खाते असेल तर संपूर्ण ठेव पहिल्या खातेदाराची मानली जाते, तेव्हा फॉर्म आणि पॅन त्याचाच लागतो. फॉर्म दिल्यानंतर जानेवारीची ओळ नेहमीच्या भागात न दिसता १५-जी/१५-एचच्या वेगळ्या भागात शून्य कपातीसह दिसेल.

विवरणपत्र भरताना व्याज म्हणून पासबुकात आलेली रक्कम लिहू नये. आपल्या बाबतीत जानेवारीत कपात झाली नाही, तर खात्यात येतील २,२७,५५०. उत्पन्न मात्र २,४६,००० दाखवायचे आणि १८,४५० रुपये टीडीएसच्या रकान्यात. उरलेल्या दोन नोंदी 26AS मध्ये येण्याआधी विवरणपत्र भरले तर १२,३०० रुपयांचे श्रेय अडकेल, तेव्हा जूनच्या मध्यानंतरच भरायला बसावे.