पाच वर्षांच्या भावाच्या कार्डासाठी ताईची कविता

प्रश्न: माझा छोटा भाऊ बाबू येत्या मे महिन्यात पाच वर्षांचा होतोय. मी नववीत आहे, आम्ही देवगडला राहतो. कार्ड मी स्वतः बनवणार आहे, आत ताईकडून मजेशीर आणि प्रेमळ अशी छोटी कविता हवी. नेटवरच्या सगळ्या कविता मोठ्यांसाठी लिहिल्यासारख्या वाटतात. कशी लिहू?

उत्तर:

नेटवरच्या त्या कवितांमध्ये 'उदंड आयुष्य', 'यशाची शिखरं' असलं काहीतरी असतं आणि बाबूला त्यातलं एक अक्षर कळणार नाही, म्हणून तुला त्या नको वाटतायत ते बरोबरच आहे. मी बालवाडीत शिकवते, रोज याच वयाच्या पोरांना गाणी म्हणून दाखवते, त्यावरून सांगते. पाच वर्षांचं मूल कार्ड वाचत नाही गं, ते ऐकतं. तू वाचणार आणि तो मांडीवर नाहीतर शेजारी बसून ऐकणार, मध्येमध्ये बोट घालणार, कार्ड ओढणार. त्यामुळे कविता कानाला नाचरी हवी आणि मध्ये त्याला करायला काहीतरी हवं.

आता पाचची खरी गंमत काय आहे बघ. चार वर्षांच्या मुलाला वय विचारलं की तो अंगठा तळव्यात दुमडून चार बोटं दाखवतो, कधीकधी दुसऱ्या हाताने तो अंगठा दाबून धरावा लागतो कारण तो सारखा सुटतो. पाच झाले की अख्खा पंजा उघडायचा! त्याच्यासाठी वाढदिवस म्हणजे हेच, अंगठा बाहेर आला. कविता यावरच बांधायची, एकेक ओळ एकेका बोटाला, आणि ओळींत जे येईल ते त्याच्या रोजच्या बघण्यातलं. मी अशी केली:

काल चार तू, आज पाच रे,
उघड मूठ अन् जरा नाच रे!
करंगळीला आंब्याचा रस,
दुसरं बोले, "एसटीत बस!"
मधलं लांबट मोजी होड्या,
चौथं काढी माझ्या खोड्या.
लपला होता अंगठा काल,
आज निघाला फुगवून गाल!
पाची बोटं करती घाई,
टाळीसाठी हवीच ताई!

ही तशीच घेतलीस तरी चालेल पण बाबूला तू ओळखतेस, मी नाही, त्यामुळे दोन-तीन ओळी तरी तू बदलाव्यास असं मला मनापासून वाटतं. बदलताना ठेका मोडायचा नाही एवढं सांभाळ. ठेका असा आहे की प्रत्येक ओळीचे दोन अर्धे, प्रत्येक अर्ध्यात 8 मात्रा, म्हणजे ओळ 16 मात्रांची. छंदाच्या पुस्तकात याला पादाकुलक म्हणतात, तुला व्याकरणात मात्रा मोजायला शिकवलं असेलच, ऱ्हस्व अक्षराची 1, दीर्घाच्या आणि अनुस्वारवाल्या अक्षराच्या 2. 'काल चार तू' मोजून बघ, 2-1-2-1-2, झाले 8. 'आज पाच रे' पण तेवढंच. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर एरवी जड होतं पण 'तुझ्या'मधला 'तु' बोलताना हलकाच राहतो, तिथे पुस्तकापेक्षा जिभेवर विश्वास ठेव.

आणि मोजायचा कंटाळा आला तर टाळी वाजवून बघ, एक टाळी ओळीच्या सुरुवातीला, एक मध्यावर, आणि सगळ्या टाळ्या सारख्या अंतराने. उदाहरण देते, चौथ्या बोटाची ओळ मी आधी 'चौथं करतं ताईच्या खोड्या' अशी धरली होती. पहिला अर्धा 8 मात्रांचा बरोबर, पण 'ताईच्या खोड्या' होतात 10, म्हणजे पुढची टाळी येऊन गेली तरी 'ड्या' अजून तोंडातच. वाचताना आपण तिथे नकळत घाई करतो आणि शब्द गिळला जातो, चूक ओळखायची खूण हीच. मग 'ताईच्या' काढून 'माझ्या' केलं आणि मराठीत खोड्या 'काढतात', म्हणून 'काढी' आलं. झालं, ओळ बसली. वर फायदा असा की 'ताई' हा शब्द आधी कुठेच येत नाही, तो शेवटाला राखून ठेवता येतो.

तो का राखायचा ते सांगते. शेवटची ओळ वाचताना 'हवीच'पाशी थांबायचं आणि त्याच्याकडे बघायचं. 'घाई' नुकतंच कानावर पडलेलं असतं, त्यामुळे यमक त्याला आपोआप सुचतं आणि तो "ताई!" असं ओरडतो, मग लगेच त्याच्या उघड्या पंजावर टाळी. पहिल्या वेळी कदाचित नाही ओरडणार, नुसता बघत बसेल, तेव्हा तूच म्हण आणि परत पहिल्यापासून वाच. तिसऱ्या वेळेपर्यंत मुलं हमखास पकडतात आणि मग तुला पुढचे दोन दिवस तेच वाचायला लावतात, तयारी ठेव.

खोड्यांबद्दल एक, चिडवायचं ते त्याला ज्याचा अभिमान आहे त्यावरूनच. एसटीचा कंडक्टर व्हायचं, तोंड आंब्याने माखायचं, ताईच्या वेण्या ओढायच्या, हे चालतं. अंथरूण ओलं होणं, अंधाराला घाबरणं, बोबडं बोलणं, यातलं काहीही नको, कारण कार्ड आत्या-मामा सगळ्यांसमोर वाचलं जाणार आणि या वयात सगळे का हसतायत ते त्याला बरोबर कळतं. 'खूप अभ्यास कर' पण नको, ते वर्षभर आहेच.

कार्ड असं कर. ए फोर साइजचा जाड कार्डपेपर मधोमध दुमड. वेगळ्या रंगीत कागदावर बाबूचा हात ठेवून पेन्सिलीने पंजा काढून घे (आधी सांगू नको कशासाठी ते), काप आणि आतल्या उजव्या पानावर चिकटव, पण गोंद फक्त तळव्याला लाव, बोटं मोकळी राहू देत. अंगठा बुडापाशी आत दुमडून नखाने घडी दाबून घे. डाव्या पानावर कविता, मोठ्या अक्षरात. वाचताना एकेक बोट त्याला उचलायला दे, बोटाखाली त्या ओळीचं छोटं चित्र काढ, आंबा, लाल एसटी, होडी, तुझी वेणी. अंगठ्याच्या ओळीला तो स्वतः अंगठा उघडेल, त्याच्या खाली मोठ्ठा 5. नाव कवितेत कोंबू नको, ठेका जातो, वरती 'बाबूस' आणि खाली 'तुझी ताई' पुरे, तेवढी अक्षरं कदाचित तो स्वतः ओळखेल.

मे आहे म्हणून आंबा आणि होड्या दोन्ही चालतायत. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या भावाचा वाढदिवस जून-जुलैत असेल तर होड्यांची ओळ बदला, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, बहुतेक होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात आणि पोरगं लगेच म्हणेल की होड्या कुठायत. तेव्हा 'मधलं हळूच बेडूक शोधी, चौथं माझी छत्री रोधी' असलं ओढूनताणून काही करू नका, 'रोधी' कोण बोलतं घरात! 'मधलं पकडी बेडुक ओला, चौथं म्हणतं, "ताई, बोला!"' हे कसं, दोन्ही ओळी 16च्या आहेत. फक्त मग 'ताई' आधीच येते, म्हणून तिथे 'आजी, बोला' करा.